वेट लॉस ऑपरेशननंतरची छोटी वाटी: घरच्याच जेवणातून ६० ग्रॅम प्रोटीन कसं बसवायचं

स्लीव्ह झालेली असो की बायपास, हॉस्पिटलमधून निघताना सगळ्यांना एक आकडा सांगतात, रोज किमान ६० ग्रॅम प्रोटीन, जमलं तर ७०-८०. आणि घरी आल्यावर आपल्याकडे काय होतं, तर वरणाचा गंज चढतो. वरण म्हणजे प्रोटीन हे आपल्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलंय, त्यामुळे पेशंटला सकाळी वरणाचं पाणी, दुपारी वरण नि गुरगुट्या भात, रात्री मुगाची खिचडी, आणि घरचे समाधानी की पौष्टिक चाललंय सगळं. पण हिशोब लावला की दिवसाला २०-२५ ग्रॅमच्या वर गाडी जातच नाही.

माझ्या मोठ्या बहिणीची स्लीव्ह झाली तेव्हापासून तिचं जेवण मी बनवतेय. ताई अंडी खाते, मटण-चिकन नाही. घर एकत्र, सासूबाई, दीर, पोरं सगळे, म्हणजे तिच्यासाठी वेगळं महागडं काही रोज आणणं जमणारं नव्हतं आणि गरजही नव्हती. जे शिकले ते तिच्या डाएटिशियनकडून आणि रोजच्या वजनकाट्यावरून, तेच इथे सविस्तर लिहितेय. हे सगळं मऊ जेवणाची परवानगी मिळाल्यानंतरचं आहे, म्हणजे साधारण दीड महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतचं. त्याआधीचे लिक्विड आणि प्युरीचे आठवडे तुमच्या टीमने दिलेल्या चार्टनेच काढायचे, त्यात घरचं डोकं लावायचं नाही. आणि ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांचा प्रोटीनचा आकडाच वेगळा असतो, त्यांनी तो डॉक्टरांकडून घ्यायचा.

आधी वाटी समजून घ्या

स्लीव्हमध्ये पोटाचा जवळपास पाऊण भाग काढून टाकतात, बायपासमध्ये तर वरची पिशवी अजूनच लहान असते. दुसऱ्या महिन्यात एका वेळेला ६० ते १०० ग्रॅम जातं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात १०० ते १५०, सहाव्या महिन्याच्या आसपास १५० ते २००. प्रत्येकाचं थोडं मागेपुढे होतं पण अंदाज हाच. म्हणजे आपली आमटीची जी छोटी वाटी असते ना, तेवढीच जागा आहे, दिवसातून पाच-सहा वेळा. आणि त्यातच ६० ग्रॅम बसवायचंय.

मग प्रश्न "यात प्रोटीन आहे का" असा विचारून चालत नाही, "या एका वाटीत किती आहे" असा विचारायचा. आणि वाटीतलं प्रोटीन कमी होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पाणी. तूरडाळ कच्ची असताना १०० ग्रॅममध्ये २२ ग्रॅम प्रोटीन असतं, ऐकायला भारी वाटतं, पण आपण ती शिजवून पातळ करतो, आणि १०० मिलीच्या वाटीत जेमतेम ३-४ ग्रॅम उरतं. ताकाच्या वाटीत १ ग्रॅमसुद्धा धड नसतं. मऊ भाताच्या वाटीत २-३, उपमा-पोहे तसेच, आणि साबुदाण्यात तर नावाला. डाळ वाईट नाहीये, फक्त तिच्यात पाणी इतकं असतं की छोट्या पोटात ती जागा खाते आणि देते कमी.

म्हणून स्वयंपाकघरात काम एकच, पाणी काढायचं. दह्याचं पाणी काढलं की चक्का, दुधाचं काढलं की पनीर, वरण घट्ट ठेवलं की वाटीतलं प्रोटीन जवळपास दुप्पट. आणि जिथे पाणी काढता येत नाही तिथे सुकं काहीतरी घालायचं, दुधात दूध पावडर, डाळीत सोया चुरा. बस, पुढचं सगळं याच्यावरच चालतं.

दोन वस्तू मात्र घ्याच. एक साधा किचनचा डिजिटल वजनकाटा, आणि एक १०० मिलीची वाटी जी फक्त पेशंटची. "एक वाटी" म्हणजे प्रत्येक घरात वेगळं असतं, आणि पहिले काही आठवडे डोळ्यांचा अंदाज फार चुकतो. दोन-तीन आठवडे मोजलं की हात बसतो, मग रोज मोजायची गरज नाही.

फ्रीजमध्ये कायम तीन गोष्टी

पहिली गोष्ट चक्का. अर्धा लिटर गाईच्या दुधाचं दही लावा, मलमलच्या कपड्यात बांधून चाळणीवर ठेवा, खाली भांडं, आणि हे सगळं फ्रीजमध्ये, बाहेर टांगायचं नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्या नागपुरात ४५ पर्यंत पारा जातो, बाहेर टांगलेलं दही चार तासात इतकं आंबट होतं की पेशंट तोंडात घेत नाही. फ्रीजमध्ये पाच-सहा तासात साधारण २०० ते २२० ग्रॅम चक्का निघतो. त्यात १४-१५ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे ८० ग्रॅमच्या छोट्या वाटीला ५. आता त्यात एक मोठा चमचा बिनसाखरेची स्किम्ड दूध पावडर फेटून घाला, ती वाटी ८ वर जाते, आणि चवही छान गोडसर होते, साखर लागतच नाही. ताईला त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड नि चिमूटभर मीठ आवडतं, कधी किसून पिळलेली काकडी. दोन दिवसांच्या वर ठेवू नका.

दुसरं पनीर, आणि हे घरचंच करा असं मी आग्रहाने सांगेन. बाजारचं पनीर दाबून घट्ट केलेलं असतं, भाजीत शिजलं की रबरासारखं होतं आणि या दिवसांत तेच छातीत अडकतं. एक लिटर गाईचं दूध उकळा, गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा, लिंबाचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घाला, फाटलं की कपड्यात गाळा, वरून गार पाणी ओता म्हणजे आंबटपणा जातो. वजन ठेवून दाबायचं नाही, नुसतं दहा मिनिटं निथळू द्यायचं. दीडशे ग्रॅमच्या वर मऊ पनीर मिळतं, बोटाने चुरलं तर लोण्यासारखं चुरतं. १०० ग्रॅमला साधारण १८ ग्रॅम प्रोटीन धरा. म्हशीच्या दुधाचंही होतं पण फॅट जास्त जातं, पोट लवकर जड होतं. उरलेलं पाणी फेकू नका, घरच्यांची कणिक त्यात भिजवा.

तिसरी गोष्ट सोया-मूग. सोया चुरा इतवारीत सुटा मिळतो, कुठल्याही किराणा दुकानात पाकिटातही असतो. कोरड्या चुऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, घरच्या वस्तूंमध्ये याच्याएवढं दाट दुसरं काही नाही. पण तो नीट केला नाही तर वास येतो, गॅस होतो, आणि पेशंट एकदा नको म्हणाला की परत हात लावत नाही. त्यामुळे चुरा उकळत्या पाण्यात दहा मिनिटं भिजवायचा, पिळायचा, परत गरम पाण्यात बुडवून परत पिळायचा, आणि मग मिक्सरला एकदा फिरवायचा, पीठ नाही करायचं, फक्त दाणा बारीक. दुसरीकडे मुगाची पिवळी डाळ कुकरला घट्ट शिजवून ठेवायची, चमच्यावरून पडायला नको इतकी. जेवायच्या वेळी एक चमचा तेलात जिरं, हिंग, आलं, साल काढलेला टमाटर, त्यात दोन्ही घालून पाच मिनिटं मऊ करायचं, वरून बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. १५ ग्रॅम कोरडा चुरा म्हणजे अडीच मोठे चमचे, आणि १५ ग्रॅम कच्ची मूगडाळ, यात ११ ग्रॅम प्रोटीन होतं आणि शिजून ते एका छोट्या वाटीत बसतं. पहिल्या दिवशी मात्र एवढं देऊ नका, एक चमचा चुऱ्यापासून सुरू करा, पोट गुरगुरत नाही ना पाहा, मग आठवडाभरात वाढवा.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर एक लक्षात ठेवायचं, सोया आणि कॅल्शियम दोन्हीमुळे ती गोळी अंगात कमी शोषली जाते. गोळी सकाळी उठल्याबरोबर, सोया संध्याकाळी, कॅल्शियमची गोळी चार तासांनंतर.

अंडं तर आहेच, एकात ६ ग्रॅम. पण तव्यावर कडक केलेलं ऑम्लेट सुरुवातीला बहुतेकांना झेपत नाही, मंद आचेवर ओलसर भुर्जी किंवा कपात वाफवलेलं अंडं बरं पडतं. जे नॉनव्हेज खातात त्यांच्यासाठी चिकनचा खिमा दोनदा बारीक करून दह्यात मुरवून कुकरला, ४०-५० ग्रॅम शिजलेल्या खिम्यात ११-१२ ग्रॅम मिळतं. छातीचा तुकडा नुसता उकडून देऊ नका, कोरडा होतो आणि अडकणाऱ्या पदार्थांत तो सगळ्यात वर आहे, टंगडीचं मास ओलसर राहतं ते घ्या. रोहू-कतला चालतात, काटे मात्र घरच्यांनी स्वतः बोटाने चाचपून काढायचे. सावजी मसाला या सहा महिन्यांत नको, तिखट नि तर्री दोन्हीमुळे छातीत जळजळ वाढते.

ताटातला क्रम आणि वेळ

ताटात पहिले प्रोटीन. ते संपेपर्यंत दुसऱ्या कशाला हात नाही. मग एक-दोन चमचे मऊ भाजी, दुधी, लाल भोपळा, दोडका असं काही. आणि त्यानंतर जागा उरली तरच पोळीचा घास किंवा चमचाभर भात. आपल्याकडे उलटं असतं, पोळी तोडायची आणि भाजी तिच्यासोबत, त्यामुळे पहिल्या चार घासांत निम्मं पोट पोळीनेच भरतं. म्हणून पहिले दोन-तीन महिने ताईच्या ताटात पोळी मी वाढतच नव्हते, मागितली तर नंतर. पोट एवढं लहान असताना आणि वजन इतक्या झपाट्याने उतरत असताना शरीराला प्रोटीन मिळालं नाही तर ते चरबीसोबत स्वतःचे स्नायूही मोडून खातं. वजनकाट्यावर आकडा छान दिसतो पण जिना चढताना पाय थरथरतात.

घास छोटा, चहाच्या चमच्याने. वीस-पंचवीस वेळा चावायचं, चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा घास. एका जेवणाला २० ते ३० मिनिटं, आणि अर्धा तास झाला की वाटीत उरलं असेल तरी उठायचं. तास-तासभर थोडं थोडं चरत बसायची सवय लागली तर पुढे जाऊन वजन थांबतं.

जेवताना पाणी नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. हा नियम सगळ्यांना माहीत असतो पण नागपूरच्या उन्हाळ्यात हाच नियम पेशंटला त्रास देतो, कारण दिवसातून सहा वेळा खाणं नि प्रत्येकाभोवती एक तास बंद म्हटलं की पाण्याला वेळच उरत नाही. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव जायला पाहिजे, उन्हाळ्यात दोनच्या जवळ. ताईसाठी आम्ही अर्ध्या लिटरच्या बाटलीवर मार्करने रेघा मारल्या, सकाळी उठल्यापासून नाश्त्यापर्यंत पहिली रेघ, नाश्ता ते दूध दुसरी, असं. घोट घोट, गटागटा नाही. पातळ ताक मिठाचं चालतं, ते पाण्याच्या हिशोबात धरा, प्रोटीनच्या नाही. पन्हं मात्र गूळ-साखरेचं असतं, ते नको. लघवी गडद पिवळी, तोंड कोरडं, उठताना चक्कर, म्हणजे पाणी कमी पडून राहिलंय. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर चक्करीचं कारण त्याही असू शकतात, वजन उतरलं की जुना डोस जास्त होतो, तेव्हा डॉक्टरांना फोन करून डोस विचारायचा, स्वतः बंद करायची नाही.

तिसऱ्या महिन्यातला ताईचा एक दिवस, हिशोबासकट

सकाळी आठला भुर्जी, एक पूर्ण अंडं, एकाचा नुसता पांढरा भाग, आणि त्यात २० ग्रॅम पनीर चुरलेलं. अंड्याचे ६, पांढऱ्याचे साडेतीन, पनीरचे साडेतीन, झाले १३. पनीर घातल्याने भुर्जी ओलसर राहते, हा मोठा फायदा. कांदा घालत नाही, टमाटर साल काढून.

साडेदहाला १५० मिली कोमट दूध आणि त्यात दोन मोठे चमचे दूध पावडर. दुधाचे ५, पावडरचे ५, एकूण १०. हे अर्ध्या तासात घोट घोट प्यायचं. दुधाने पोट फुगत असेल, पातळ संडास होत असेल तर ऑपरेशननंतर काहींना दूध पचेनासं होतं, त्यांनी दूध सोडून चक्का-पनीरवर जायचं, ते बहुतेकांना चालतं.

दुपारी एकला ५० ग्रॅम पनीर, आलं-जिऱ्याच्या फोडणीत मऊ परतलेलं, ९ ग्रॅम. सोबत तीन चमचे घट्ट वरण, ३ ग्रॅम. मिळून १२. मग दुधीची भाजी एक चमचा. त्या दिवशी पोळीला जागा नव्हती.

साडेचारला चक्क्याची वाटी दूध पावडर घालून, ८.

साडेसातला सोया-मूग, ११. रात्री साडेनऊला हळदीचं दूध १५० मिली, ५.

बेरीज केली तर ५९. म्हणजे अगदी साध्या घरच्या जेवणातून, कुठलाही डबा न उघडता, साठच्या दारात. आणि यात प्रत्येक वेळेचं खाणं १०० ते १२० ग्रॅमच्या आत आहे. पण दिवस रोज असा जात नाही हेही खरं, एखाद्या दिवशी दुपारचं अर्धं जेवणच जातं, एखाद्या दिवशी मळमळ असते, तेव्हा आकडा ४५ वर येतो. अशा दिवसांसाठी डाएटिशियनने सांगितलेली बिनसाखरेची प्रोटीन पावडर घरात असू द्या, सकाळच्या दुधात अर्धा स्कूप घातला की ती तूट भरते. घरच्या खाण्याचा हट्ट धरून पावडर टाळू नका, विशेषतः जे अंडंही खात नाहीत त्यांना पहिल्या तीन महिन्यांत पावडरीशिवाय साठ गाठणं खूप अवघड जातं. आणि बायपासवाल्यांनी तर नक्कीच.

हाच दिवस जुन्या पद्धतीने पाहा. सकाळी उपमा ३, मग वरणाचं पाणी १, दुपारी वरण-भात ५, संध्याकाळी दूध ५, रात्री पातळ खिचडी ३, झोपताना दूध ५. बावीस. वाट्या तेवढ्याच, पोटही तेवढंच भरलेलं.

खिचडी सोडवत नसेल तर प्रमाण उलटं करा, एक भाग तांदूळ आणि तीन भाग मूगडाळ, वर मूठभर पनीर चुरून. आणि चुनाची आठवण येतेच आपल्या लोकांना, भाकर नसली तरी चून पाहिजे. नुसतं बेसनाचं चून वाटीला ४ ग्रॅमच्या वर जात नाही, तेलही बरंच लागतं. त्याऐवजी दीड मोठा चमचा बेसन एका अंड्यात फेटून, थोडं पाणी, आलं, हळद, मंद आचेवर झाकण ठेवून मऊ धिरडं करायचं, तेवढ्यात ९ ग्रॅम निघतं आणि चवीला चुनाचाच भास होतो.

अडकलं तर कसं ओळखायचं

नवीन पोट भरल्याची खूण जुन्यासारखी नसते. पोटात तट्ट वाटायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. कोणाला उचकी लागते, कोणाचं नाक वाहायला लागतं, कोणाला शिंक येते, छातीच्या मधोमध हलकासा दाब येतो. ही खूण ओळखायची आणि तिथेच थांबायचं, वाटीत चार चमचे असले तरी. ताईच्या सासूबाई फार मायाळू आहेत, त्या रोज म्हणायच्या, "काही खाल्लंच नाही तू बाप्पा, अजून एक घास तरी घे." आणि तो एक घास घेतला की दहा मिनिटांत तोंडाला पाणी सुटून, फेसाळ लाळ येऊन ताई बेसिनवर. शेवटी मी सासूबाईंना शेजारी बसवून तिची वाटी, काटा, आकडे सगळं दाखवलं. त्यानंतर त्या स्वतःच सांगायला लागल्या की आधी पनीर संपव. घरातल्या मोठ्या माणसांना आकडे दाखवा, नुसतं "नको" म्हटलं की त्यांना वाटतं उपाशी ठेवून राहिले.

अडकलं तर पाण्याने खाली ढकलायचा प्रयत्न करू नका, त्याने उलटीच होते. उठून हळू चालायचं, खाणं बंद, एक-दोन तासांनी घोट घोट कोमट पाणी. कारण शोधायला तीन प्रश्न पुरतात, घास मोठा होता का, घाईत खाल्लं का, पदार्थ कोरडा होता का. मऊ भात नि ताजी पोळी या दोन गोष्टी चावल्यावर चिकट गोळा होऊन अडकतात हे खूप जणांना माहीत नसतं. आदल्या दिवशीची पोळी भाजून कुरकुरीत केलेली उलट बरी जाते.

पण दिवसभर पाणीसुद्धा टिकत नसेल, ताप, पोटात जोरात दुखणं, नाडी जलद चालणं, काळी संडास, यातलं काही असेल तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ सर्जनकडे. आणि उलट्या बरेच दिवस चालल्या आणि सोबत पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं सुरू झालं तर ती बी-१ म्हणजे थायमिनची कमी असू शकते, ती तातडीची बाब आहे, त्याच दिवशी दाखवायचं.

उलट बाजूही आहे. काही पदार्थ अजिबात अडकत नाहीत, सुळकन उतरतात, चिवडा, बिस्किटं, आईस्क्रीम, शेव. पेशंटला वाटतं हे मला चालतंय. चालतंय कारण ते विरघळून खाली जातं, पोटात थांबतच नाही, म्हणून भूकही भागत नाही. पनीर अडकतं नि चिवडा जातो असं सुरू झालं की पनीर अजून मऊ करा, चिवड्याकडे वळू नका. आणि संत्रा बर्फी, ज्यूस, बुंदी यासारखं गोड, विशेषतः बायपासमध्ये, खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब होतात, त्याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी शुगर उतरून हातपाय थरथरतात. तसं झालं की लिहून ठेवा काय खाल्लं होतं, आणि डॉक्टरांना सांगा.

संत्र्याचं वेगळं सांगते कारण आपल्या घरात ते असतंच. फोडीची पातळ साल नि पांढऱ्या शिरा या पोटात पचत नाहीत, लहान पोटात त्यांचा गोळा होऊन अडकू शकतो. तिसऱ्या महिन्यानंतर दोन-तीन फोडी, साल सोलून नुसता गर, तोही प्रोटीन झाल्यावर. रस काढून पिऊ नका.

चौथ्या ते सहाव्या महिन्यात काय बदलतं

जागा वाढते, भूकही हळूहळू परत येते. वाढलेल्या जागेत आधी प्रोटीन वाढवायचं, दुपारचं पनीर ५० चं ७० ग्रॅम, अंडी दोन पूर्ण, मग भाज्या, मग धान्य. सालं काढलेली कडधान्यं, मऊ शिजवलेली मटकी-चवळी याच सुमारास सुरू करता येतात, एका वेळी एकच नवीन पदार्थ आणि दोन दिवस थांबून पुढचा, म्हणजे त्रास झाला तर कशाने झाला ते कळतं. तर्री पोह्याची इच्छा झाली तर सहाव्या महिन्यात तर्री निथळून मऊ चणे दोन चमचे आधी, पोहे नंतर दोन घास. लग्नाच्या पंगतीला जाताना घरून वाटीभर चक्का किंवा पनीर खाऊन जायचं, तिथे मग डाळभाजीचा वरचा घट्ट भाग दोन चमचे पुरतो.

याच महिन्यांत केस गळायला लागतात आणि घरात घबराट होते. ऑपरेशन आणि झपाट्याने उतरलेलं वजन यामुळे तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणं बहुतेकांना होतं, ते परत येतात. पण गळणं थांबतच नसेल, पायावर सूज, नखं तुटणं, सतत थकवा असेल तर वहीतले आकडे काढून पाहा, प्रोटीन खरंच जातंय का, आणि लोह, बी-१२, व्हिटॅमिन डी तपासून घ्या. टीम साधारण तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात रक्त तपासायला सांगते, ती तपासणी चुकवू नका. व्हिटॅमिनच्या गोळ्या जेवणातून भरून निघत नाहीत, त्या चालूच ठेवायच्या. लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर, आणि लोहाची गोळी दुधासोबत किंवा चहासोबत नाही.

भाकर सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू होते. ज्वारीची, पातळ थापलेली, चतकोर तुकडा, घट्ट वरणात पाच मिनिटं भिजवून. त्या दिवशी वरणात सोया चुरा घातलेला असू द्या.